घड्याळ मंद केलं तरी न सुटणारी चूक

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या वेळची गोष्ट आहे. एफपीजीए बोर्डवर सोळा एलईडी होते आणि मला त्यांवरून एकच दिवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळवायचा होता. सोळा फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक जोडायचे, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला प्रत्येकाने मागच्याचा बिट उचलायचा, बस्स. डोळ्यांना दिसावं म्हणून बोर्डवरचा 100 मेगाहर्ट्झचा क्लॉक एका 26 बिटांच्या काउंटरला दिला आणि त्याचा सगळ्यात वरचा बिट क्लॉक म्हणून वापरला. म्हणजे सेकंदाला साधारण दीड ठोका. दिवा पळाला, पण पाचवा आणि सहावा एलईडी दर वेळी एकदमच लागायचे.

मला वाटलं, वेग जास्त होत असेल. काउंटर 28 बिटांचा केला, ठोका जवळजवळ पावणेतीन सेकंदांवर गेला. तरी पाचवा आणि सहावा जोडीनेच! इतक्या सावकाश चालणाऱ्या सर्किटमध्ये वेळेची चूक कशी असेल, हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. त्याचं उत्तर समजायला आधी फ्लिप-फ्लॉपच्या आत डोकावूया.

फ्लिप-फ्लॉप क्लॉकच्या कडेला, म्हणजे क्लॉक 0 वरून 1 वर जाताना, समोरचा बिट टिपतो. त्याच्या आत दोन टप्पे असतात. क्लॉक 0 असताना पहिल्या टप्प्याचं दार उघडं असतं आणि डेटा आत येऊन दोन इन्व्हर्टरच्या फेऱ्यात फिरतो. क्लॉक 1 झाला की दार बंद होतं, फेरा आपापला बिट धरून बसतो आणि दुसरा टप्पा तो बाहेर दाखवतो.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. डेटाला दारातून आत येऊन फेऱ्यात स्थिरावायला थोडा वेळ लागतो, म्हणून तो कडेच्या थोडा आधी येऊन थांबलेला हवा. हा झाला सेटअप टाइम. दुसरं म्हणजे दारही क्षणात बंद होत नाही. ते पुरतं मिटेपर्यंत डेटा हलला तर नवा बिट आत घुसू शकतो, म्हणून कडेनंतरही डेटा थोडा वेळ तसाच राहायला हवा. हा होल्ड टाइम. या दोन वेळांच्या मध्ये नेमका डेटा बदलला तर फेरा 0 आणि 1 च्या अधेमधे लटकून राहू शकतो आणि शेवटी कुठल्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात.

आधी सेटअप बघूया. एका फ्लिप-फ्लॉपमधून डेटा निघतो, मधल्या लॉजिकमधून जातो आणि पुढच्या कडेआधी दुसऱ्याकडे पोचतो. क्लॉक दोघांनाही एकाच वेळी मिळतो असं तूर्त धरू.

```
T >= tcq + tlogic + tsetup
```

T म्हणजे दोन ठोक्यांमधला काळ आणि tcq म्हणजे कडेनंतर बिट फ्लिप-फ्लॉपच्या बाहेर पडायला लागणारा वेळ. समजा तो 0.4 नॅनोसेकंद, लॉजिकचा सगळ्यात लांबचा रस्ता 9.9 आणि सेटअप 0.1. बेरीज 10.4. पण 100 मेगाहर्ट्झला T असतो 10. म्हणजे डेटा 0.4 नॅनोसेकंद उशिरा. 96 मेगाहर्ट्झपर्यंत खाली आलात की चूक गायब.

उशिरा आलेल्या डेटामुळे काय टिपलं जातं? साधा बेरजेचा सर्किट घ्या, ज्यात हातचा एकेक बिट पुढे सरकतो. 7 + 1 करायचे आहेत, म्हणजे 0111 मध्ये 0001. हातचा सरकायच्या आधी उत्तर दिसतं 6, मग 4, मग 0 आणि शेवटी 8. कड शेवटच्या पायरीआधी आली तर 0 टिपला जाईल. पण 4 + 1 ला हातचाच नाही, त्यामुळे तिथे 5 बरोबर येईल. म्हणून सेटअपची चूक कधी दिसते, कधी नाही. व्होल्टेज उतरलं की गेट मंदावतात आणि ती जास्त दिसते.

आता माझे दोन एलईडी. फ्लिप-फ्लॉपच्या मध्ये लॉजिकच नव्हतं, नुसती वायर. इथे अट वेगळी आहे:

```
tcq + twire >= thold + tskew
```

क्लॉक सहाव्या फ्लिप-फ्लॉपला पाचव्यापेक्षा जितका उशिरा पोचतो, तो tskew. एफपीजीएमध्ये क्लॉकसाठी खास वायरींचं जाळं असतं आणि त्यातून तो सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी पोचतो. पण मी काउंटरचा बिट साध्या वायरींतून फिरवला होता. पाचव्याला कड मिळाल्यानंतर त्याचा नवा बिट सहाव्यापाशी 0.4 + 0.5, म्हणजे 0.9 नॅनोसेकंदांनी पोचत होता. सहाव्याची कड मात्र वळसा घेऊन 1.6 नंतर येत होती आणि 0.1 चा होल्ड धरला तर जुना बिट 1.7 पर्यंत टिकायला हवा होता. तो 0.8 आधीच गेलेला! सहाव्याची कड आली तेव्हा समोर पाचव्याचा नवाच बिट व्यवस्थित स्थिरावून बसला होता. त्याने तो टिपला. एकाच ठोक्यात बिट दोन घरं पुढे गेला आणि दोन्ही दिवे एकदम लागले.

वरच्या अटीत T कुठे आहे का बघा. नाहीच. होल्डची शर्यत एकाच कडेच्या दोन प्रतींमधली आहे, पुढचा ठोका पावणेतीन सेकंदांनी येवो नाहीतर पावणेतीन तासांनी, तिला फरक पडत नाही.

मग टूलने आधी सांगितलं कसं नाही? कारण काउंटरचा तो बिट क्लॉक आहे, हे मी त्याला कळवलंच नव्हतं. त्यामुळे त्या रस्त्यांची तपासणीच झाली नाही आणि रिपोर्टमध्ये सगळं आलबेल दिसलं. `create_generated_clock` लिहून रिपोर्ट पुन्हा काढला तेव्हा `WHS`, म्हणजे सगळ्यात वाईट होल्ड, उणे 0.8 आला. तुम्हीही रिपोर्ट बघताना आधी `no_clock` ची यादी रिकामी आहे ना, ते बघा.

उपाय सोपा निघाला. सोळाही फ्लिप-फ्लॉपना खास जाळ्यातला 100 मेगाहर्ट्झचाच क्लॉक दिला आणि काउंटर पूर्ण फिरला की फक्त एका ठोक्यापुरतं त्यांचं क्लॉक इनेबल चालू केलं. चिपमध्ये सहसा डेटाच्या वायरीत बफर घालून बिटाला उशीर करतात. पण ते चिप बनायच्या आधीच करावं लागतं. सेटअपला चुकलेली चिप निदान कमी वेगाने वापरता येते, होल्डला चुकलेली बहुधा टाकूनच द्यावी लागते.

म्हणून सर्किट चुकीचा बिट देत असेल तर आधी क्लॉक मंद करून बघा. चूक गेली तर सेटअपच्या लांब रस्त्याकडे जा. तशीच राहिली आणि लॉजिक सिम्युलेशनमध्ये बरोबर चालत असेल, तर क्लॉक कुठून कसा फिरलाय ते शोधा. माझे दोन दिवस तिथेच गेले होते.