कॅप्टनचे आभार आणि तीन अवघड प्रश्न

टीव्हीवरच्या शालेय क्विझची अंतिम फेरी संपली की विजेत्या संघाच्या कॅप्टनच्या हातात चषकाबरोबर माइकही येतो. स्टुडिओत त्याला जेमतेम एक मिनिट मिळते आणि संकलनात त्यातलेही बरेचसे कापले जाते. खरे भाषण होते ते नंतर, शाळेच्या सत्कार समारंभात. तिथे पाच-सात मिनिटे असतात आणि समोर सातवी-आठवीची मुले, शिक्षक, पालक आणि संस्थेचे पदाधिकारी बसलेले असतात. यांतल्या बहुतेकांनी कार्यक्रम पाहिलेला असतो, पण उत्तर कसे सुचले हे पडद्यावर दिसत नाही. श्रोत्यांना नेमके तेच ऐकायचे असते.

अशा कार्यक्रमांची परंपरा भारतात बरीच जुनी आहे. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात खुल्या क्विझची सुरुवात केली. १९७२ मध्ये हमीद सयानी यांच्या आवाजात ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ रेडिओवर आली आणि नव्वदच्या दशकात ती टीव्हीवर पोहोचली. दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ १९८५ मध्ये सुरू झाला. संघाने आपसात चर्चा करून उत्तर द्यायचे असेल, तर अंतिम शब्द साधारणपणे कॅप्टनचा असतो. चार जणांनी चार उत्तरे कुजबुजली तरी माइकवर एकच जाते, आणि ते चुकले तर दोषही त्याच्याच पदरी येतो. त्यामुळे आभाराच्या भाषणात अवघड प्रश्नांची आठवण सांगण्याचा अधिकार त्याचाच. कोणते उत्तर कोणाकडून आले हे नेमके त्यालाच ठाऊक असते.

इथेच बहुतेक भाषणे फसतात. आधी मुख्याध्यापक, शिक्षक, आई-वडील, मित्र अशी आभारांची यादी वाचली जाते आणि मग वेगळ्या दमात दोन-तीन प्रश्न सांगितले जातात. यादी कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि प्रश्न ऐकून मुले नुसती ‘बापरे’ म्हणतात. चांगला कॅप्टन हे दोन्ही एकत्र गुंफतो. अवघड प्रश्नाचे उत्तर कुठून आले हे सांगताना त्या माणसाचे नाव ओघानेच येते. हे कसे साधते ते एका कल्पित भाषणातून पाहता येईल. कॅप्टन कल्पित असला तरी त्याचे तिन्ही प्रश्न खऱ्या घटनांवर उभे आहेत.

पहिला प्रश्न चित्रपटांच्या फेरीतला. १९१७ च्या एका भारतीय मूकपटात एकाच कलाकाराने नायक आणि नायिका अशा दोन्ही भूमिका केल्या. त्या दोन व्यक्तिरेखा कोणत्या? कलाकाराचे नाव विचारले असते तर पाठांतरावाचून गती नव्हती. व्यक्तिरेखा विचारल्यामुळे प्रश्न विचार करून सोडवण्याजोगा झाला. क्विझच्या वर्तुळात अशा प्रश्नाला ‘वर्केबल’ म्हणतात. १९१७ म्हणजे दादासाहेब फाळके यांचा काळ. बायका पडद्यावर यायला तयार नसत, म्हणून स्त्रीभूमिका पुरुष करीत. फाळके पौराणिक कथा घेत. त्या वर्षीच्या त्यांच्या चित्रपटाचे नाव ‘लंकादहन’, आणि त्या कथेतली नायक-नायिका म्हणजे राम आणि सीता. दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीही तेच. त्याआधी ते मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत कामाला होते आणि फाळके यांनी त्यांना तिथेच हेरले.

भाषणात कॅप्टन हा प्रश्न आधी श्रोत्यांना विचारतो, थोडा थांबतो, आणि मग संघातली वाट दाखवतो: ‘मला काळ आठवला, पण चित्रपट आठवेना. लंकादहन हे नाव आमच्या संघातल्या सर्वांत धाकट्या मुलीने सांगितले, कारण तिच्या आजोबांनी तिला फाळक्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या.’ आजोबांचे आभार मानण्यासाठी वेगळे वाक्य लागत नाही. साळुंके यांच्या खाणावळीचा तपशील मात्र तो उत्तरानंतर सांगतो. आधी सांगितला तर श्रोते उत्तर शोधायचे सोडून गोष्टीतच रमतात.

दुसरा प्रश्न अंतिम फेरीतला सर्वांत अवघड. त्यावर भाषणाचा निम्मा वेळ खर्च झाला तरी तो वाया जात नाही. प्रश्न असा: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट तपासला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसताना अशाच वर्णपटात एक पिवळी रेषा नोंदली, जी पुढे हीलियमची ठरली. त्या वेळी लॉकियर कोठे होते?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही संघाच्या ओठांवर ‘विजयदुर्ग’ हा शब्द येणारच. सिंधुदुर्गातल्या या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि हीलियमचा शोध तिथेच लागला असे कौतुकाने सांगितले जाते. ते ऐकतच मुले मोठी होतात. साहेब खरोखरच तिथे आले होते, त्यामुळे ही कथा अगदी बिनबुडाची नाही. पण ते आले १८९८ च्या जानेवारीत, त्या वर्षीचे खग्रास ग्रहण पाहायला. ग्रहण, लॉकियर आणि हीलियम या तीन गोष्टी एकत्र आल्या की तीस वर्षांचे अंतर सहज पुसले जाते आणि १८९८ चा साहेब १८६८ मध्ये जाऊन बसतो.

प्रश्न रचणाऱ्याने सुटकेची वाट मात्र प्रश्नातच ठेवली होती: ग्रहण नसताना. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला एरवी सूर्याच्या झगझगाटात बुडून जातात, म्हणून त्या पाहायला शास्त्रज्ञ ग्रहणाच्या पट्ट्यात प्रवास करीत. वर्णपटदर्शकाने प्रकाश रंगारंगांत पसरवला की सूर्याचा सर्वसाधारण प्रकाश फिका पडतो, पण ज्वालांचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असल्यामुळे त्या रेषा ठळक राहतात. म्हणजेच उपकरण योग्य असेल तर ग्रहणाची गरज उरत नाही. यान्सेन यांनाही हे गुंटूरला उमगले आणि ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ज्वाला पुन्हा पाहिल्या. ज्याला ग्रहण लागत नाही त्याला भारतात येण्याचे कारण काय? लॉकियर तेव्हा ब्रिटिश युद्ध खात्यात कारकुनी करीत होते आणि फावल्या वेळात आकाश पाहत. ते इंग्लंडमध्येच होते.

त्या पिवळ्या रेषेची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा प्रसिद्ध आहेत. ही तिसरी रेषा त्यांच्या जवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. प्रयोगशाळेत माहीत असलेला कोणताही पदार्थ ती देत नव्हता, म्हणून हे सूर्यावरचे अनोळखी मूलद्रव्य असावे असा तर्क झाला. कित्येकांना तो पटला नाही. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली.

या प्रश्नावर संघात काय घडले हे सांगताना कॅप्टनने स्वतःची भूमिका मोठी करू नये. इथे मोह सर्वांत जास्त असतो. नमुन्याच्या भाषणात तो म्हणतो: ‘आम्ही तिघे विजयदुर्ग म्हणत होतो. चौथ्याने माझा हात धरला आणि म्हणाला, ग्रहण नाही असं ते म्हणतायत. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेत मिठाची ज्योत दाखवून वर्णपट शिकवला होता, तेव्हा तो पहिल्या बाकावर होता.’ या तीन वाक्यांत बाईंचे आभार आले आणि उत्तर कुठल्या तासातून आले तेही कळले. इथे एक सावधगिरी हवी. समारंभात कोकणातले पाहुणे असतील तर ‘विजयदुर्गाची गोष्ट खोटी’ एवढेच सांगून थांबणे बरोबर नाही. लॉकियर १८९८ मध्ये तिथे आले होते हे त्याच दमात सांगावे. किल्ल्याचा खरा मान तेवढ्याने राखला जातो.

तिसरा प्रश्न संघाचा चुकलेला. जिंकलेल्या कॅप्टनने चुकलेला प्रश्न सांगावा की नाही यावर मतभेद असतात. तो जरूर सांगावा, कारण बझर फेरीतला धोका श्रोत्यांना दुसऱ्या कशाने समजत नाही. बझर फेरीत प्रश्न पूर्ण होण्याआधी बटण दाबता येते. पण दाबल्याक्षणी सूत्रसंचालक थांबतो, आणि जेवढे ऐकले तेवढ्यावरच उत्तर द्यावे लागते. चुकले तर गुण वजा होतात आणि उरलेला प्रश्न प्रतिस्पर्ध्याला पूर्ण ऐकायला मिळतो. सूत्रसंचालकाने सुरुवात केली, ‘१८८६ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करणारी ही भारतीय स्त्री...’ कॅप्टनने बझर दाबला आणि आनंदीबाई जोशी हे नाव दिले. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाईंनी पदवी घेतली ती १८८६ मध्येच, त्यामुळे मराठी मुलाच्या तोंडी हे नाव येणे स्वाभाविक होते. पण उरलेले वाक्य होते, ‘...कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन पदवीधर स्त्रियांपैकीही एक होती.’ उत्तर कादंबिनी गांगुली. कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू १८८३ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, व्यवसाय सुरू करण्याआधीच गेल्या. कादंबिनींनी मात्र अनेक वर्षे वैद्यकी केली.

एकाच वर्षात दोन नावे बसत असतील तर पुढचा शब्द येईपर्यंत थांबायचे, हे संघाला सरावात शिकवलेले असते. ज्ञान पुरेसे होते, पण घाईने घात केला. इथे आभार जातात प्रतिस्पर्धी संघाकडे. त्यांनी बझरवरून हात मागे घेतला, पूर्ण प्रश्न ऐकला आणि नाव बरोबर सांगितले. कॅप्टन त्यांच्या शाळेचे नाव घेतो, तो प्रश्न त्यांचा होता असे स्पष्ट म्हणतो आणि गुणफलकावर अंतर किती कमी उरले तेही सांगतो. प्रश्न रचणाऱ्यांचे आभार इथेच मानावेत. त्यांची नावे बहुधा श्रेयनामावलीत झरझर सरकून जातात, पण ‘ग्रहण नसताना’ हे दोन शब्द प्रश्नात घालणारा माणूस त्यांच्यातलाच असतो.

भाषणाआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे प्रत्येक तारीख आणि नाव पुस्तकातून पुन्हा पाहणे. स्टुडिओत ऐकलेला प्रश्न आठवणीत बदलतो, आणि व्यासपीठावरून सांगितलेली चूक मुले वहीत उतरवून घेतात. दुसरी म्हणजे प्रक्षेपण झाले आहे की नाही याची खात्री. रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण यांत बरेच दिवस जाऊ शकतात, आणि तोवर निकाल बाहेर सांगू नये अशी अट अनेकदा असते. शाळेने सत्काराची तारीख त्यानंतरचीच ठरवावी.