कीर्द ते टॅली

दुकानाची कीर्द पंचवीस-तीस वर्षे हाताने लिहिलेल्या दिवाणजींना टॅली शिकवताना संगणकापासून सुरुवात करू नये, त्यांच्या कीर्दीपासून करावी. जमा-नावे त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा चांगले कळते. अडते ते कोणते बटण दाबायचे एवढ्यावर. म्हणून कालच्या कीर्दीचे पान समोर ठेवून त्यातल्याच नोंदी करवाव्यात. ग्राहकाने पैसे दिले, F6. वीजबिल भरले, F5.

खरी गफलत होते ती बँकेत. समजा, बँकेतून 20,000 रुपये काढून गल्ल्यात ठेवले. कीर्दीत ही रक्कम जमेला येते, त्यामुळे हात आपोआप F6 कडे वळतो. टॅलीत मात्र रोख आणि बँक यांच्यातल्या हालचालीसाठी F4, म्हणजे कॉन्ट्रा व्हाउचर वापरतात. इथे ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘हे पैसे बाहेरून आले का, काका?’ असे विचारावे. पैसा घरातल्या घरातच फिरला, हे ते स्वतःच सांगतात आणि फरक कायमचा लक्षात राहतो.

शिकवणाऱ्याने माउस हातात घेऊ नये. घाईत आपण चार बटणे दाबून मोकळे होतो, त्यांच्या पदरी काहीच पडत नाही. कळांचा क्रम त्यांना स्वतःच्या अक्षरात वहीत लिहू द्यावा.

निदान एक महिना वही आणि टॅली दोन्ही चालू ठेवावे. संध्याकाळी दोन्हीकडची रोख शिल्लक गल्ल्याशी जुळवावी. वही जुळली आणि टॅली जुळली नाही, तर चुकलेली नोंद शोधण्याचे काम दिवाणजींकडेच द्यावे, कारण त्यांची नजर त्यातच तयार झालेली असते.