रेघ उतरते तेव्हा खाली किती जण उभे असतात?

एमडीच्या प्रबंधात, कर्करोगाचा विषय असला की हमखास, एक आकृती असते: डावीकडे वरून सुरू होऊन पायरी-पायरीने उजवीकडे उतरणाऱ्या दोन रेघा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘लॉग-रँक पी ०.०३’ असं काहीतरी. परीक्षकाची नजर आधी त्या पी-व्हॅल्यूवर जाते, विद्यार्थ्याचीही. त्या आकृतीतलं बाकीचं सगळं कसं वाचायचं, हे समजून घ्यायला संख्याशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडणारं एक जुनं उदाहरण फार उपयोगी आहे.

१९६३ साली अमेरिकेत एमिल फ्रायराइक आणि सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्टिरॉइडने रोग आटोक्यात आलेल्या रुग्णांपैकी २१ जणांना ६-मर्कॅप्टोप्युरिन, म्हणजे ६-एमपी हे औषध दिलं आणि २१ जणांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. प्रश्न होता, रोग किती आठवड्यांनी उलटतो? म्हणजे नाव ‘सर्व्हायव्हल’ असलं तरी इथे मोजला जातो तो मृत्यू नव्हे, रोग उलटणं. आकृती हातात आली की आधी हेच पाहायचं: रेघ कुठल्या घटनेला उतरते आणि घड्याळ कुठल्या दिवसापासून सुरू झालं.

प्लासिबो गटात सगळ्या २१ जणांचा रोग उलटला. ६-एमपी गटात ९ जणांचा उलटला. उरलेल्या १२ जणांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते बरे होते. या १२ जणांचं करायचं काय, हाच खरा पेच. त्यांना वगळलं तर उरलेल्या ९ पैकी ९ जणांचा रोग उलटला, म्हणजे औषध शंभर टक्के अपयशी! आणि त्या नऊ जणांची सरासरी १२ आठवडे येते, प्लासिबोची पावणेनऊच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो. उलट त्यांना कायमचे बरे धरलं, तर ज्याला अवघे सहा आठवडे पाहिलं आणि ज्याला पस्तीस आठवडे पाहिलं, ते दोघे एकाच मापाने मोजले जातात.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली यावर मार्ग दिला. रुग्ण जितके दिवस नजरेखाली होता तितके दिवस त्याला हिशेबात धरायचं, नंतर बाजूला करायचं. अशा रुग्णाला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात आणि आलेखावर त्याची बारीकशी उभी खूण असते. ६-एमपी गटात पहिल्या पाच आठवड्यांत काहीच घडलं नाही. सहाव्या आठवड्यात २१ पैकी ३ जणांचा रोग उलटला. रेघ १०० वरून १८/२१ वर, म्हणजे ८६ टक्क्यांवर आली. त्याच आठवड्यात एक रुग्ण सेन्सॉर झाला. त्याच्यामुळे रेघ उतरत नाही, पण पुढच्या हिशेबात २१ ऐवजी १७ जण उरतात. सातव्या आठवड्यात एकाचा रोग उलटला, म्हणून ८६ टक्क्यांना १६/१७ ने गुणायचं. रेघ ८१ वर आली. असं करत तेविसाव्या आठवड्यात ती ४५ टक्क्यांवर पोहोचते.

आता शेवटच्या पायरीकडे नीट पाहा. तेविसाव्या आठवड्यात त्या गटात सहाच जण उरले होते. त्यातल्या एकाचा रोग उलटला आणि रेघ ५४ वरून एकदम ४५ वर घसरली. सुरुवातीला एका रुग्णाने जेमतेम पाच टक्के फरक पडला असता. त्यापुढे पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत रेघ सपाट आहे, पण तिच्याखाली आधी पाच जण आहेत आणि शेवटी एकच. अशी सपाट रेघ पाहून ‘४५ टक्के रुग्ण कायमचे बरे झाले’ असं लिहिणं ही प्रबंधांत नेहमी दिसणारी चूक. म्हणूनच आलेखाखाली दर काही आठवड्यांनी किती रुग्ण उरले याचा तक्ता हवाच. तो नसेल तर उजव्या टोकावर विसंबू नये.

दोन रेघांची तुलना लॉग-रँक चाचणी करते. तिचा विचार साधा आहे: औषधाने काहीच फरक पडत नाही असं समजा, मग प्रत्येक आठवड्यातल्या घटना दोन्ही गटांत उरलेल्या माणसांच्या प्रमाणात वाटल्या जायला हव्यात. आठव्या आठवड्यात ६-एमपीचे १६ आणि प्लासिबोचे १२, असे २८ जण उरले होते आणि चौघांचा रोग उलटला. प्रमाणाने ६-एमपीच्या वाट्याला २.३ यायला हवे होते. प्रत्यक्षात शून्य आले, चारही प्लासिबोचे. सहाव्या आठवड्यात मात्र उलटं झालं: अपेक्षा १.९ ची आणि घडले ३, तेही औषधाच्या गटात. चाचणी एकाच आठवड्यावरून निकाल देत नाही, सगळ्यांची बेरीज करते. बेरीज अशी: ६-एमपी गटात अपेक्षित १९.२५, प्रत्यक्षात ९. प्लासिबो गटात अपेक्षित १०.७५, प्रत्यक्षात २१. यातून काय-स्क्वेअर १६.८ येतो. निव्वळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी.

संगणकावर हे एका ओळीत होतं:

```
survdiff(Surv(weeks, relapse) ~ group)
```

पण `relapse` च्या रकान्यात १ म्हणजे रोग उलटला की रुग्ण सेन्सॉर झाला, यात गल्लत झाली तरी संगणक निमूटपणे उत्तर देतो. ओळखायची खूण एकच: पी-व्हॅल्यूच्या आधी घटनांचा आकडा पाहायचा. इथे तो ९ आणि २१ हवा. १२ आणि ० दिसला तर रकाना उलटा भरला गेलाय.

चाचणीच्या मर्यादाही आहेत. दोन रेघा मध्येच एकमेकींना छेदत असतील, तर आधीचा तोटा आणि नंतरचा फायदा बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात आणि खरा फरक हाती लागत नाही. दुसरी मर्यादा सेन्सॉर होण्याच्या कारणाची. अभ्यास संपला म्हणून रुग्ण बाजूला झाला तर अडचण नाही. पण तब्येत ढासळली म्हणून तो गावी निघून गेला आणि फिरकलाच नाही, तर त्याला ‘शेवटचं पाहिलं तेव्हा बरा’ धरल्याने रेघ खोटी उंच राहते. अशा वेळी हरवलेल्या सगळ्यांना रोग उलटलेले धरून गणित पुन्हा करून पाहावं. निष्कर्ष टिकला तर ठीक.

आणि पी-व्हॅल्यू फरक आहे एवढंच सांगते, किती ते नाही. ते इतर आकड्यांतून येतं. निम्म्या रुग्णांचा रोग उलटायला प्लासिबो गटात ८ आठवडे लागले, ६-एमपी गटात २३. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांची गुणोत्तरं ताडली तर औषधाच्या गटात रोग उलटण्याचा वेग प्लासिबोच्या साधारण पाव भरतो. प्रबंधात निकाल लिहिताना हे दोन आकडे, घटनांची संख्या आणि शेवटी किती जण उरले होते, एवढं आधी लिहावं, पी-व्हॅल्यू त्यानंतर.