‘आढळले नाही’ म्हणजे किती नाही?

पाण्याच्या तपासणी अहवालात शिशापुढे कधी ‘आढळले नाही’ लिहिलेले असते, तर कधी नुसते ‘बीडीएल’. घरात लहान मूल असेल तर ते वाचून जिवात जीव येतो. पण कोणतेही यंत्र शून्य मोजू शकत नाही. ‘आपल्याला दिसले नाही’ एवढेच ते सांगू शकते. म्हणून त्याला किती बारीक दिसते, हे आधी कळायला हवे.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. ते मोजायला अनेक प्रयोगशाळा अणुशोषण यंत्र वापरतात. शिशाचे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि जितके शिसे जास्त, तितके शोषणही जास्त. ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम शिसे असलेली स्टँडर्ड द्रावणे मोजून शोषणाचा आलेख काढला, की सरळ रेषा मिळते. तिचा चढ, म्हणजे स्लोप, एका मायक्रोग्रॅममागे शोषण कितीने वाढते ते सांगतो. ग्रॅफाइट भट्टीच्या यंत्रावर तो ०.००५ आला असे धरू.

आता ब्लँक घेऊ. यात शिसे मिसळलेले नाही, बाकी सारे नमुन्यासारखेच: तेच आम्ल, तशीच बाटली, तीच प्रक्रिया. असे दहा ब्लँक मोजले तर एकच आकडा दहा वेळा येत नाही. समजा ०.००४, ०.००६, ०.००५, ०.००३, ०.००७, ०.००५, ०.००४, ०.००६, ०.००५, ०.००५ असे आकडे आले. सरासरी ०.००५ आणि प्रमाण विचलन सुमारे ०.००११५. शिसे न घालताही यंत्राचा आकडा इतका वरखाली होतो. खरे शिसे ओळखायचे तर त्याने या चढउतारातून स्पष्ट वर यायला हवे.

किती वर? प्रमाण विचलनाच्या १.६४५ पट वर रेघ मारली, तर शंभरातले साधारण पाचच ब्लँक चुकून ‘शिसे आहे’ म्हणतील. पण ज्या पाण्यात नेमके त्या रेघेइतकेच शिसे आहे, त्याचे निम्मे आकडे रेघेखाली पडतील आणि ते निसटेल. म्हणून तेवढेच अंतर पुन्हा वर जायचे. दोन्ही मिळून ३.२९, म्हणजे व्यवहारात ३.३. त्यावरून सूत्र असे:

शोधमर्यादा = ३.३ × ब्लँकचे प्रमाण विचलन ÷ स्लोप

आपल्या आकड्यांनी ती ०.७६ मायक्रोग्रॅम येते. ३.३ च्या जागी १० घातले की मापनमर्यादा मिळते, इथे २.३. या दोन मर्यादांच्या मधे शिसे आहे असे म्हणता येते, पण त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. मापनमर्यादेवर मात्र यंत्राचा चढउतार मोजलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच उरतो.

आता तेच पाणी ज्वालेच्या यंत्रावर नेऊ. तिथे स्लोप फारच कमी. तो ०.००००४ आणि ब्लँकचे विचलन ०.०००५ धरले, तर शोधमर्यादा ४१ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते. पाण्यात २५ मायक्रोग्रॅम शिसे असले, म्हणजे परवानगीच्या अडीचपट, तरी बहुतेक वेळा अहवालात ‘आढळले नाही’ असेच येईल. त्यात कोणी खोटे बोललेले नसते, पण पाणी पिणाऱ्याच्या दृष्टीने तो अहवाल निरुपयोगी असतो. म्हणून त्या शब्दांऐवजी ‘४१ पेक्षा कमी’ असे छापलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वाचणाऱ्याला शेजारचा १० चा आकडा तरी दिसेल.

या हिशेबात विचलन खोटे लहान दिसण्याचा धोका मोठा. एकच ब्लँक लागोपाठ दहा वेळा मोजला, तर आम्लातून आणि बाटलीतून येणारा फरक त्यात उतरतच नाही. काही ठिकाणी यंत्राचा संगणक ऋण आकडे शून्य करून टाकतो, आणि मग विचलन आणखी घटते. स्लोपचेही तसेच. तो शुद्ध पाण्यातल्या स्टँडर्डवर काढलेला असतो, तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तेच शिसे कमी शोषण दाखवू शकते. म्हणून त्याच पाण्यात मोजून शिसे घालून पाहावे. ५ मायक्रोग्रॅम घातल्यावर वाढ ३ चीच दिसली, तर स्लोप त्या पाण्याला लागू नाही आणि खरी शोधमर्यादा ०.७६ नव्हे, सव्वाच्या पुढे आहे.

क्षार फारच असतील तर नमुना दहापट पातळ करून मोजतात. तेव्हा मूळ पाण्यासाठी दोन्ही मर्यादाही दहापट होतात: शोधाची ७.६, मापनाची २३. अहवालात मात्र जुनेच ०.७६ छापलेले राहू शकते. तेव्हा नमुना पातळ केला होता का, हे प्रयोगशाळेला विचारावे. उत्तर ‘हो’ आले, तर १० च्या आसपास शिसे असलेल्या पाण्यात मर्यादा पाळली जाते की नाही, हे त्या मोजणीतून खात्रीने ठरवता येणार नाही.