यंदा काजवे बघायला येतेस?

पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतले दिवे गेले. मी गॅलरीत उभी होते आणि वसतिगृहाची गच्ची आठवली. तिथेही असेच दिवे गेले होते. कठड्यावर एकच काजवा बसला होता आणि मैत्रिणीने तो ओंजळीत धरला होता. "एकदा भंडारदऱ्याला जाऊ, तिथे झाडंच्या झाडं लखलखतात," ती म्हणाली, आणि आम्ही एकमेकींना टाळी दिली. त्याला तेरा वर्षं झाली. ती आता नागपूरला शिक्षिका आहे, मी पुण्यात.

मी लगेच फोनवर लिहायला घेतलं : 'काय गं, विसरलीस ना? तेरा वर्षं झाली, अजून काजवे दाखवतेच आहेस!'

आपल्याकडे जिव्हाळा असाच बोलतो. समोरासमोर असतो तर ती हसली असती, पाठीत धपाटा मिळाला असता. पण लिहिलेल्या शब्दांना चेहरा नसतो. 'विसरलीस ना' वाचल्यावर तिला आधी खुलासा करावा लागतो. मुलं, सासूबाई, शाळेची कामं असं सगळं सांगून झाल्याशिवाय काजव्यांपर्यंत पोचताच येत नाही. 'तेरा वर्षं' हा आकडा तर उधारीच्या वहीतला वाटतो, आणि टाळी तर दोघींनी दिली होती. मी ती ओळ पुसली. मग लिहिलं, 'तुला वेळ नसेलच, पण...' हेही पुसलं. यात तिच्या वतीने नकार मीच देऊन टाकत होते.

मग गच्चीच लिहिली. आठवण जितकी बारीक, तितकी ती दोघींची असते. 'आपले ते दिवस' कुणालाही पाठवता येतात, ओंजळीतला काजवा फक्त तिलाच.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. 'कधीतरी भेटू' याला 'हो, नक्की' हेच उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. काजव्यांचं बरं असतं, त्यांना स्वतःचा हंगाम आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात ते साधारण मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत दिसतात आणि पावसाने जोर धरला की कमी होतात. त्यामुळे घाई निसर्गाची होते, माझी राहत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, म्हणजे पहिल्या आठवड्यात तिला सुट्टी. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, म्हणून विचारायचं ते पाडव्याच्या सुमारासच. मेमध्ये विचारलं असतं, तर 'तिकीट मिळत नाहीये गं' हे उत्तर खरंच असतं.

शेवटी पाठवलं ते असं :

'आज दिवे गेले आणि वसतिगृहाची गच्ची आठवली. तुझ्या ओंजळीतला तो एकटा काजवा! जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला त्याचं सगळं गणगोत जमतं. तुला सुट्टी असेल. नाशिकरोडपर्यंत तू रेल्वेने ये, पुढे गाडी माझी. येतेस? यंदा नाही जमलं तर पुढच्या जूनमध्येही ते येणारच आहेत.'

शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. त्यामुळे तिला 'नाही' म्हणायला जागा मिळते, आणि बेतही मोडत नाही.

पाठवताना बोट अडखळलंच. इतक्या दिवसांनी अचानक, तिला काय वाटेल? पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता. आपण आठवण काढल्याचं समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण कमीच बांधतो, असं त्यांना आढळलं. ती आठवण अनपेक्षित असेल तर आनंद आणखी जास्त.

तरी तीन दिवस उत्तर आलं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या. असं झालं की हात 'वाचलंस ना?' लिहायला शिवशिवतात. तेवढं टाळावं, कारण त्या एका ओळीने आमंत्रणाचा तगादा होतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग प्रश्न न विचारता काहीतरी पाठवावं, एखादा जुना फोटो, बस्स. त्यावर नुसताच अंगठा आला, तर या वर्षापुरतं थांबावं. 'बघू' आलं, तर त्यापुढे काय आहे ते पाहावं. नुसतं 'बघू' हा बहुतेक वेळा संकोचाचा नकार असतो. 'बघू, पण तिथे राहायचं कुठे?' असं आलं, तर ती मनाने निघालेली असते.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मेमध्ये आहे, ते नीट पार पडलं तर येईन, असं तिने लिहिलं होतं. मी आईंची चौकशी केली, काजव्यांचा विषय काढला नाही. रात्री अकराला तिनेच विचारलं, "बॅटरी आणू का गं?"

"आण," मी लिहिलं, "पण काचेवर लाल जिलेटिन कागद लाव. पांढऱ्या उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत."