शीटमधली नावे जातात कुठे? फिल्टर आणि फिल्टर व्ह्यू यांतला फरक

मोहल्ल्यातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची यादी आता बऱ्याच ठिकाणी वहीऐवजी गूगल शीट्सवर ठेवतात. चार-पाच जण एकाच यादीत नोंदी करतात. मग मधेच कुणीतरी ग्रुपवर विचारतं, "यादीतली नावं कुणी उडवली?" बहुतेक वेळा नावं कुणीच उडवलेली नसतात. ती फक्त लपलेली असतात, आणि कुणीतरी लावलेल्या फिल्टरमुळे सगळ्यांच्याच स्क्रीनवरून लपलेली असतात.

एक उदाहरण घेऊ. यादीत 64 विद्यार्थी आहेत. पहिली ओळ शीर्षकांची: क्रमांक, नाव, इयत्ता, शाळा, उत्पन्नाचा दाखला, फॉर्मची स्थिती. म्हणजे नावं 2 ते 65 या ओळींत. दहावीचं काम बघणारे सर Data मेनूत जाऊन Create a filter दाबतात आणि इयत्तेच्या रकान्यात फक्त "10" ठेवतात. त्यांना 14 नावं दिसतात, काम सोपं होतं. पण त्याच वेळी सहावीचं काम बघणाऱ्या बाजींनी शीट उघडली, तर त्यांनाही तीच 14 नावं दिसतात. सरांनी शीट बंद केली तरी फिल्टर तसाच राहतो, कारण तो सरांच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर नसून शीटवर लागलेला असतो.

खरं नुकसान इथून पुढे सुरू होतं. एका मुलीची आई विचारायला येते. बाजींना नाव दिसत नाही, म्हणून त्या खाली नवीन ओळीत तेच नाव पुन्हा लिहितात. आता एका मुलीच्या दोन नोंदी झाल्या: जुन्या नोंदीत "दाखला जमा", नवीनमध्ये रकाना रिकामा. पालकांना दाखल्यासाठी पुन्हा तहसीलला चक्कर. किंवा कुणी त्याच वेळी यादीची प्रिंट काढली, तर लपलेल्या 50 मुलांची नावं कागदावर येतच नाहीत.

फिल्टर लागलाय हे ओळखायचं कसं? डावीकडचे ओळींचे आकडे बघा. 4 नंतर एकदम 9, मग 13 असे आकडे उड्या मारत असतील, तर मधल्या ओळी लपल्या आहेत. शिवाय शीर्षकाच्या ओळीत फिल्टरचं चिन्ह दिसतं. आणखी पक्की खूण हवी असेल, तर पहिल्या ओळीत उजवीकडच्या दोन रिकाम्या घरांत ही सूत्रं टाकून ठेवा (नावं B रकान्यात आहेत असं धरून):

```
=COUNTA(B2:B)
=SUBTOTAL(3,B2:B)
```

पहिलं सूत्र सगळी नावं मोजतं, लपलेलीसुद्धा. दुसरं फिल्टरने लपवलेल्या ओळी सोडून मोजतं. 64 आणि 14 असे वेगळे आकडे दिसले की समजा, फिल्टर लागलेला आहे. नवीन नाव लिहायच्या आधी Data मेनूतून Remove filter दाबा. सगळ्या ओळी परत येतात, माहिती काही जात नाही.

आपल्यापुरतं गाळून बघायचं असेल, तर त्यासाठी फिल्टर व्ह्यू आहे. कॉम्प्युटरवर Data मेनूतून Create filter view निवडा. शीटच्या कडा गडद होतात. आपण आता आपल्या वेगळ्या दृश्यात आहोत याची ती खूण. इयत्तेत "10" निवडा, "दहावी" असं नाव द्या आणि Save view दाबा. सरांना 14 ओळी दिसतील, बाजींना त्याच क्षणी पूर्ण 64. दुसऱ्या दिवशी तेच दृश्य Data मेनूतल्या Change view मध्ये नावाने सापडतं. इतरांनाही ते तिथून उघडता येतं, पण ते उघडेल त्याच्यापुरतंच.

क्रम लावतानाही हाच फरक पडतो. साध्या फिल्टरमधून नावं अ ते ज्ञ लावली, तर ओळी सगळ्यांसाठी खरोखर हलतात, आणि नंतर फिल्टर काढला तरी जुना क्रम परत येत नाही. फिल्टर व्ह्यूमध्ये लावलेला क्रम त्या दृश्यापुरताच राहतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. फिल्टर व्ह्यूमध्ये फक्त बघणं वेगळं असतं, माहिती एकच असते. तिथे "दाखला जमा" लिहिलं तर ते मूळ यादीत, सगळ्यांसाठी लिहिलं जातं. एखादी ओळ खोडली तर तीही सगळ्यांसाठी खोडली जाते.

ज्यांना यादी फक्त बघायची आहे, त्यांना लिहिण्याची परवानगी देऊच नका, केवळ बघण्याची द्या. त्यांना तात्पुरता फिल्टर व्ह्यू लावता येतो, पण शीटवरचा सर्वांचा फिल्टर बदलता येत नाही. मग यादीत लिहिणारे तिघे-चौघेच उरतात. त्यांनी प्रत्येक इयत्तेचा एक फिल्टर व्ह्यू नावानिशी करून ठेवला, की Create a filter ला हात लावायची गरजच पडत नाही.