सुईएवढं भोक, रात्रीपुरती मलमपट्टी

पुण्यामुंबईतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत पाणी अजूनही बऱ्याच ठिकाणी जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातून येतं. हे पाइप गळतात ते बहुतेकदा आतून. मुलामा झिजला की पाण्यातला प्राणवायू लोखंड खाऊ लागतो. गाळ साचलेल्या एखाद्या ठिपक्यावर गंज खोल उतरत जातो आणि एके दिवशी बाहेर सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. आतला खड्डा मात्र त्याहून बराच मोठा असतो.

भोक लहान म्हणून गळती लहान, असं नसतं. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरचा अर्धा इंची पाइप घेऊ. गच्चीवरची टाकी तिथून साधारण 10 मीटर उंच. इतक्या दाबाखाली 1 मिलिमीटरच्या भोकातून तासाला सुमारे 24 लिटर पाणी जातं, म्हणजे रात्रभरात टाकीतलं दोन-अडीचशे लिटर पाणी भिंतीत मुरतं. प्लंबर सकाळीच येणार असेल, तर तोवर गळती थांबवायला दोन उपाय आहेत: क्लॅम्प किंवा इपॉक्सी पुट्टी. पाणी पूर्ण बंद होतं का आणि भोक नेमकं कुठे आहे, यावर निवड ठरते.

पाइपाच्या सरळ भागावर भोक असेल तर क्लॅम्प उत्तम. चिमटीसारख्या दोन अर्धगोल पट्ट्या, आत रबर, बाजूला बोल्ट, एवढीच त्याची रचना. तो रबर दाबून भोक बंद करतो. त्याला चिकटायचं नसल्यामुळे पाइप ओला असला तरी चालतं. वरचा व्हॉल्व्ह जाम झालेला असला तरीही तो बसवता येतो.

गफलत होते ती मापात. अर्धा इंची पाइप बाहेरून अर्धा इंच नसतोच, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर भरतो. दुकानात जाण्याआधी पाइपाभोवती दोरा गुंडाळून मोजावा. घेर 67 मिलिमीटरच्या आसपास आला तर पाइप अर्धा इंची, 85 च्या आसपास आला तर पाऊण इंची. क्लॅम्प मोठा निघाला तर बोल्ट कितीही आवळले तरी रबर दबत नाही.

रात्री दुकान बंद असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि गॅसच्या नळीला लावतात तशा दोन होज क्लिपा कामाला येतात. रबर भोकाच्या दोन्ही बाजूंना इंचभर पुढे जायला हवं आणि भोक रबराच्या मधोमध यायला हवं. स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळावेत. पाणी थांबलं की हात थांबवावा, कारण गंजलेला पाइप जास्त दाबानं चेपतो.

एल्बो, टी किंवा सांध्याजवळ क्लॅम्प नीट बसत नाही. तिथे पुट्टी, म्हणजे ज्याला घरोघर एम-सील म्हणतात तसला माल. पण वाहत्या पाण्यावर ती टिकत नाही, आतून येणारी धार तिला कडक होण्याआधीच ढकलून देते. म्हणून आधी व्हॉल्व्ह बंद करावा आणि खालचा नळ उघडून पाइप रिकामा करावा. मग पॉलिश पेपरनं रंग आणि गंज हलक्या हातानं घासून धातू चमकेपर्यंत आणावा. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नये; आतून पातळ झालेला पत्रा तुटून भोक वाढतं. फडक्यानं जागा कोरडी करावी.

हातमोजे घालून पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घ्यावेत आणि रंग एकजीव होईपर्यंत मळावेत. रेघा राहिल्या तर तेवढा भाग मऊच राहतो. थोडी पुट्टी भोकात दाबावी, उरलेली पाइपाभोवती पूर्ण वेढ्यात लावावी आणि कडा निमुळत्या करून धातूला चिकटवाव्यात. नुसता गोळा चिकटवला तर तो दाबानं टपकन सुटतो. पाकिटावर सांगितलेला वेळ संपेपर्यंत पाणी सोडू नये. थंडीत त्याहून जास्त थांबावं.

पाणी सुरू करताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, नंतर जोडाभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद गुंडाळावा. तासाभरानं कागद ओला दिसला, तर पाणी कडेनं झिरपतंय. अशा वेळी वरून आणखी थर देण्यात अर्थ नसतो. जुनी पुट्टी काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

या दोन्ही उपायांनी आतला गंज थांबत नाही. त्यामुळे प्लंबरला बोलावणं महिनोन्महिने पुढे ढकलू नये. शेजारी दुसरं भोक पडलं किंवा नळाला सकाळी तांबूस पाणी येऊ लागलं, तर तो सगळा तुकडाच गेलेला असतो. जीआयचा मधला तुकडा दोन्ही बाजूंनी आट्यांत अडकलेला असल्यानं सरळ फिरवून निघत नाही. प्लंबर तो कापतो आणि नवा तुकडा युनियननं जोडतो. काम सहसा काही तासांचं असतं, मात्र त्यासाठी सबंध लाइनचं पाणी बंद ठेवावं लागतं. तेव्हा शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.